रिफंड आला, पण कुणाकडे?

मालनबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलं ते पासबुकावरून. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं आणि हळदीची बोटं उमटली होती. ठाकुर्लीच्या आमच्या शाखेत चौकशीच्या टेबलावर बसणाऱ्याला माणसांपेक्षा पासबुकं जास्त लक्षात राहतात.

"साहेब, प्रिंट मारून आणलं. आज पण नाही आले," त्या म्हणाल्या. "ॲपमध्ये हिरवी टिक आहे. रिफंड पूर्ण, असं लिहिलंय. म्हणजे दुकानाने दिले आणि बँकेने ठेवले, बरोबर ना?"

मी चिडलो, खोटं कशाला सांगू. आठ हजार दोनशे रुपये घेऊन माझी बँक काय करणार? पण बाई चपात्यांचे डबे करतात, रोज दीडशे चपात्या, आणि उजव्या मनगटाला पट्टा होता. कणीक मळायचं मशीन मागवलं, ते वाकलेल्या भांड्याचं निघालं, परत केलं. त्या पैशांत दुसरं घ्यायचं होतं. सोमवारपासून एका वसतिगृहाचे तीस डबे वाढणार होते. मशीन नसेल तर त्या नाही म्हणणार होत्या.

"मावशी, ती टिक दुकानाची आहे," मी म्हणालो. "दुकानाने पैसे पाठवा म्हणून सांगितलं की त्यांचं काम संपलं. पुढे दुकानाची बँक, मग पैसे भरणाऱ्याची बँक. पाच-सात कामाचे दिवस जातात. शनिवार-रविवार धरायचे नाहीत."

"दहा दिवस झाले, रविवार सोडून."

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, फोन दाखवा. हिरव्या टिकेखाली बारीक अक्षरं असतात, ती कुणी वाचत नाही. मीही घरच्या ऑर्डरची वाचत नाही. तिथे एक लांबलचक संदर्भ क्रमांक होता आणि त्याखाली: क्रेडिट कार्ड, शेवटचे अंक ४४७१.

"तुमच्याकडे क्रेडिट कार्ड आहे?"

बाईंनी फोन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाल्या, "ते भावनाचं."

भावना समोरच्या दाराची. तिच्या कार्डावर दहा टक्के सूट मिळते, म्हणून अख्खा मजला खरेदीला तिचं कार्ड घेतो आणि लगेच तिच्या हातात रोकड देतो. मालनबाईंनीही दिली होती. त्यामुळे पैसे आपले, तर परत येतील ते आपल्या खात्यात, असा त्यांचा सरळ हिशोब.

"पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात," मी म्हणालो. "रोकड तुम्ही दिली हे दुकानाला माहीतच नाही. रिफंड तिच्या कार्डावर जमा झाला असेल. तिचं बिल तेवढं कमी येईल. तुम्हाला द्यायचे ते तिने स्वतःजवळचे. कार्ड दुसऱ्या बँकेचं आहे, मला दिसणार नाही. तिलाच विचारा."

"बोलत नाही आम्ही."

सोसायटीच्या सभेत त्यांच्या डब्यांच्या धंद्यासाठी पाण्याचे महिन्याला जादा तीनशे लावायचं ठरलं, असं त्यांनी सांगितलं. भावनाने त्या बाजूने हात वर केला. सोळा वर्षं वाट्यांची देवाणघेवाण करणाऱ्या बायका, त्या दिवसापासून दारं लावून घेतात.

"राहू देत मग," त्या उठल्या. "तिच्यापुढे हात नाही पसरणार."

"हात पसरता कुठे? तुमचेच आहेत." माझा आवाज जरा चढला. "सोमवारी हाताने मळणार आहात का?"

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. फोन लावला. ऐकू कमी येत असावं, स्पीकर चालूच होता.

"मालन बोलते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग, "बोल."

"मशीनचे पैसे तुझ्या कार्डावर आलेत का?"

"बुधवारी आले. मेसेज आला तेव्हाच काढून ठेवलेत, डब्यात आहेत. तू मागायला येशील म्हणून थांबलेले."

"मला वाटलं, आले असते तर तू सांगितलं असतंस."

माझ्या टेबलापुढे चार माणसं ताटकळत होती, पण मला कुणाला पुढे बोलावता येईना.

"मनगट कसंय?" भावनाने विचारलं.

"दुखतंय."

"खाते नंबर पाठव. आत्ता टाकते, एका मिनिटात येतील."

मालनबाईंनी पासबुक पिशवीत घातलं.

"खात्यावर नको," त्या म्हणाल्या. "घरी आणून दे."