आठ परतावे, पाच घोंगड्या

वरवंडच्या तात्याबांची घोंगडी म्हणजे नुसती घोंगडी नव्हे हो! एकेक विणून झाली की म्हातारा ती तराजूत घालणार, उन्हात धरून वीण बघणार, आणि मग भाव बोलणार. अकराशे चाळीस. दुसरी नऊशे पंच्याऐंशी. एकीचा भाव दुसरीला लागेल तर शपथ. "आवो आबा, समद्यांचा एकच भाव ठिवा की, मला टाइप कराया सोपं जाईल," असं त्यांची सून धनश्री कैकदा म्हणाली. म्हातारा फिस्कन हसायचा. "समद्या मेंढरांची लोकर येकसारखी आसती व्हय?" संपला विषय.

टाइप करायचं म्हणजे कॉम्प्युटरवर. साल दोन हजार नऊ. धनश्री बी.कॉम. झालेली, केडगावच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मुंबईच्या एका इंटरनेटवरच्या बाजारात सासऱ्याच्या घोंगड्या विकायची. गिऱ्हाईक पैसे त्या बाजाराला भरायचं, माल कुरिअरनं जायचा. दर पंधरा दिवसांनी बाजारवाले आपलं दहा टक्के कमिशन आणि भाडं कापून उरलेले पैसे बँकेत टाकायचे, आणि काय कापलं त्याचा तक्ता मेलनं पाठवायचे. गिऱ्हाइकाला माल पसंत नाही पडला तर किंमत विकणाऱ्याच्या पैशातून कापायची, त्यावरचं कमिशन मात्र विकणाऱ्याला परत द्यायचं, अशी बोली. माल परत येण्याचं भाडं पुन्हा विकणाऱ्याच्याच बोडक्यावर.

दिवाळीनंतर तिनं सगळे तक्ते एका ठिकाणी मांडले. किती विकल्या, किती परत आल्या, किती पैसे यायला हवे होते. तर तीन हजार एक्कावन्न रुपये कमी! पहिल्यांदा तिला वाटलं, शेवटच्या पंधरवड्यातल्या विक्रीचे पैसे पुढच्या खेपेला येणार असतील. त्या घोंगड्या बाजूला काढल्या, तरी तेवढेच कमी. मग तक्त्यातले परतावे मोजले. आठ. आणि घरात परत आलेल्या घोंगड्या? पाच.

इथंच माशी शिंकली. परतीची गाठोडी आणून देणारा माणूस एकच, दौंडच्या कुरिअरचा हौशीराम. मोपेडवर पोती बांधून फुफाट्यातून यायचा बिचारा.

तात्याबा ऐकून उठलेच. "तीन घोंगड्या गिळल्या की रं ह्यानं!"

"आबा, आजून कायबी ठरल्यालं न्हाई."

पण ऐकतोय कोण? रविवारी हौशीराम आला तसा म्हाताऱ्यानं त्याला देवापुढं उभा केला. खंडोबाचा भंडारा ताटलीत काढला. "उचल. म्हन, माज्या हातनं तात्याबाची येकबी घोंगडी गेली न्हाई." खंडोबाच्या माणसात भंडारा उचलणं म्हणजे पोरखेळ नव्हे. खोटा उचलला तर घरादाराचं वाटोळं होतं, असं सगळेच मानतात.

हौशीरामानं ताटलीकडं बघितलं. हात पुढं केला, आणि मागं घेतला. "न्हाई उचलत," एवढंच बोलला आणि मोपेडला किक मारून गेला.

झालं! चोराच्या मनात चांदणं, तात्याबा म्हणाले. त्याला निरोप धाडला, पुढच्या रविवारपर्यंत भरपाईची मुदत, नाही तर दौंडला त्याच्या मालकाकडं जाऊन सांगणार. म्हणजे हौशीरामाची नोकरी गेलीच. घरात दोन लेकी, बायको दमेकरी, आणि कोरडवाहू तुकडा. धनश्रीला वाटलं, आपण बेरीज केली म्हणून एका माणसाची चूल विझायची? पण तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं. चोर असता तर त्यानं खुशाल उचलला असता. चोराला कसली आलीय शपथ? मग हा नाही का म्हणाला?

ते कळायला मार्ग नव्हता. तक्ता मात्र हाताशी होता.

दुसऱ्या दिवशी कॅफेत बसून तिनं ते आठ परतावे एकाखाली एक घेतले आणि ओळ न् ओळ वाचायला लागली. कापलेली किंमत, परत दिलेलं कमिशन, परतीचं भाडं. पाच ओळींत भाडं कापलेलं. तीन ओळींत भाड्याचा रकाना कोरा! अगंबाई. तिनं खुर्ची पुढं ओढली. हौशीरामानं वाटेत ढापली असती, तरी गाठोडं गिऱ्हाइकाकडून निघालंच असतं, आणि निघालं तर हे मुंबईवाले भाडं कापल्याशिवाय राहतात व्हय? मग ह्या तीन घोंगड्या निघाल्याच नाहीत की काय?

तिनं त्या तीन ओळींच्या किमती बघितल्या. अकराशे चाळीस. बाराशे पासष्ट. नऊशे पंच्याऐंशी. आणि वरच्या पाचांत पुन्हा अकराशे चाळीस! पुन्हा बाराशे पासष्ट! पुन्हा नऊशे पंच्याऐंशी!

दोन घोंगड्यांचा भाव एक? आबांच्या घरात? शक्यच नाही. ती एवढ्यांदा हसली की कॅफेवाल्यानं मान वर केली.

मग उलगडलं. भाड्याविनाच्या ओळी आधीच्या तक्त्यातल्या, ऑर्डरच्या नंबरावर. गिऱ्हाइकानं "नको" म्हटलं त्याच दिवशी किंमत कापलेली. भाड्याच्या ओळी पुढच्या तक्त्यातल्या, परतीच्या नंबरावर. गाठोडं घरी पोचलं तेव्हा तीच किंमत दुसऱ्यांदा कापलेली. ज्या दोन घोंगड्या एकाच पंधरवड्यात नाकारल्या आणि घरी पोचल्या त्यांना एकेकच ओळ, आणि ज्या तिघी रेंगाळल्या त्यांना दोन दोन. कमिशन वजा करून तिघींचे होतात एक हजार सव्वीस, अकराशे साडेअडतीस आणि आठशे साडेशहाऐंशी. बेरीज तीन हजार एक्कावन्न! पैसा इकडं ना तिकडं.

तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडची पोरगी आधी म्हणाली, "मॅडम, सिस्टिम चुकत नाही." धनश्री म्हणाली, "मग तक्त्यात आठ परतावे आणि घरी आलेल्या घोंगड्या पाचच कशा, ते तुमच्या सिस्टिमला विचारा." सगळ्या ओळींचे नंबर तिनं मेलनं धाडले. शनिवारी उत्तर आलं: तीन वजावटी दुबार झाल्या आहेत, रक्कम पुढच्या हप्त्यात जमा होईल.

रविवारी हौशीराम आला तो चेहरा पाडूनच. खिशातून दुमडलेल्या नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. "आबा, आत्ता हजार हायती. बाकीचं म्हैन्याम्हैन्याला दिईन."

"उचला ते आधी!" धनश्री जवळजवळ ओरडलीच. "भाऊ, येकबी घोंगडी गेली न्हाई. मुंबईवाल्यांनी पैसं दोनदा कापलं हुतं." तिनं कागद पुढं धरला. एकेका घोंगडीच्या दोन्ही ओळींवर बोट ठेवून त्याला भाव वाचून दाखवले.

हौशीराम कागद हातात घेऊन खाली बसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं लपवलं नाही.

"मग मर्दा, भंडारा का न्हाई उचललास?" तात्याबा कसनुसं विचारते झाले.

"आबा, म्या घेतलं न्हाई, येवडं म्हाईत हुतं. पर तुम्ही म्हनला, माज्या हातनं गेली न्हाई आसं म्हन. भादव्यात कासुर्डीपाशी गाडी घसरली, पोतं फाटलं. आंधारात जेवडं घावलं तेवडं भरलं. त्यात तुमची नव्हती, ह्ये कसं सांगू? ह्यो आठवडाभर त्या रस्त्यावर समद्यांस्नी इचारत हिंडलो, कुनाला घोंगडी घावली का म्हनून. म्हाईत न्हाई त्याची शपथ कशी घिऊ?"

धनश्रीनं सासऱ्याकडं पाहिलं. आयुष्यात कुणापुढं मान न झुकवलेला म्हातारा ओट्यावरच्या त्या नोटांकडं बघत होता. मग त्यानं त्या गोळा केल्या, हौशीरामाच्या खिशात आपल्या हातानं कोंबल्या, आणि म्हणाला,

"तुज्या जागी म्या आसतो, तर भंडारा उचलला आसता रं."