गादीखालची वायर

लोणखेड्याच्या गोदामातून नंदुरबारच्या पेढीवरचा कॉम्प्युटर उघडला की पडदा अडकत अडकत सरकायचा, आणि अमृतलाल शेठ सगळं खापर गोदामातलं कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या मयूरीच्या डोक्यावर फोडायचे. शेवटी ती लॅपटॉप घेऊन तरातरा पेढीवरच आली. गादीवर बसल्या बसल्या शेठनी मोबाइलवरचा आकडा तिच्या नाकासमोर धरला.

"शंभरनी स्पीड शे मन्ही. तुन्हाच हात मंद शे."

"हा आकडा तुमच्या मोबाइलपासून बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरपर्यंतचा. आपल्या दोन मशिनींमधला नाही."

सकाळीच तिने गोदामातून आयपर्फ, म्हणजे दोन मशिनींमधला वेग मोजायचं सॉफ्टवेअर, लावून मोजलं होतं. पेढीवरून जेमतेम दोन एमबीपीएस येत होते. आता तिने लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि पेढीच्या कॉम्प्युटरवरून त्याच्याकडे आयपर्फ सोडलं. एकाच खोलीत, तरी दोनच. म्हणजे दोष पेढीतच होता.

तिने कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. तिने राउटरपासून गादीखालून आणून बसवलेली वायर गायब होती, आणि कॉम्प्युटर लोखंडी तिजोरीआडून कसंबसं वायफाय ओढत होता.

"वायर कुणी काढली?"

"लक्ष्मीनी गादीना खाले वायर ठेवतस का? मीच काढी टाकी."

मयूरीने वायर भिंतीकडेने नेऊन जोडली आणि पुन्हा मोजलं. दोनचे नऊशे चाळीस झाले. तिने स्क्रीन शेठकडे फिरवला.

"मंद हात कुणाचा, ते आता लक्ष्मीलाच विचारा."