गेल्या वर्षीचं पाणी

लढाईमुळे कापड मिळेनासं झालं होतं, तरी गावात नारू काढणाऱ्या मालनबाईनं घरोघर जुन्या धोतराचा तुकडा पोचवला होता. पायऱ्यांच्या विहिरीचं, म्हणजे बारवेचं, पाणी गाळून प्यायलं की पायातून दोऱ्यासारखा निघणारा नारूचा जंत होत नाही, हे तिला शेवगावच्या दवाखान्यातल्या खाजाभाई कंपाउंडरनं शिकवलं होतं. दिवाळीपासून सगळं गाव गाळून पीत होतं, आणि ऐन उन्हाळ्यात नारूनं पुन्हा डोकं वर काढलं. बायका आता तिला बघून तोंडाला पदर लावून हसत.

बाजाराच्या दिवशी ती दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. खाजाभाईंचा नियम कडक. आधी केलेलं सांगायचं, मग अडलेलं, शेवटी एकच प्रश्न. रडगाणं घरी ठेवून यायचं.

"समदी घरं पानी गाळत्यात," ती म्हणाली. "नारू काडीला गुंडाळते, रोज थोडा थोडा. वढत न्हाई. एकाचाबी तुटला न्हाई, कुनाचा पाय पिकला न्हाई."

"शाब्बास! अडलं कुठं?"

"आप्पासाहेब पाटलांपाशी. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवतो म्हनले हुते, म्हंजी कुनी पान्यात उतरायला नगं. पर त्यांच्या आईलाच नारू झाला. आता म्हनत्यात, गाळूनबी झाला, मग खर्च कशाला? उद्या पंचांपुढं न्हाई म्हननार." नियम आठवून पुढचं गाऱ्हाणं टाळून ती थेट प्रश्नावर आली. "इचारायचं एवढंच, कापड दुपदरी करू का?"

खाजाभाईंनी हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. "म्हातारी गाळलेलं कधीपास्नं पिती?"

"दिवाळीपास्नं."

"अन् नारू पोटात गेल्यावर भाईर कधी निघतो?"

"वरसानं," मालनबाई घडाघडा बोलली आणि थबकली. हे तिला तोंडपाठ होतं, दहा जणांना तिनंच सांगितलं होतं! तिला स्वतःचाच राग आला आणि हसूही आलं. "म्हंजी ह्यो गेल्या वरसाच्या पान्याचा!"

"व्हय. एकपदरी पुरं, फक्त फाटकं नगं. पर नारूच्या जखमेचा पाय पान्यात बुडाला, की त्याची पिल्लं पान्यात पडत्यात, फुडच्या वरसाचा नारू पेरला. अन् गावाला खोटी आशा दावू नगंस."

दुसऱ्या दिवशी चावडीत तिनं आधी वाईटच सांगितलं. "ह्या उन्हाळ्यात आजून नारू निघंल. ते माझ्या हातात न्हाई." आप्पासाहेब उठायला लागले. मग तिनं गेल्या वर्षीचं पाणी आणि यंदाचे पाय, दोन्ही समजावून सांगितलं.

दाराशी पाय बांधून बसलेली आप्पासाहेबांची आई दगडाबाई ऐकत होती. एकाएकी ती कळवळून म्हणाली, "आप्पा, ह्याच पायानं मी परवा बारवेत उतरले रं! आता ते पानी माझी नातवंडं पिनार?"

आप्पासाहेब आईच्या पायाकडं बघत राहिले, मग हळूच खाली बसले.

"मालनबाई," ते म्हणाले, "पायऱ्या कुठवर बुजवायच्या?"