अंगी लागलेली मिरी

त्या हिवाळ्यात प्रेमराजची चाल बिघडली, तेव्हा सगळ्यात आधी त्याला दारुड्या म्हटलं ते मीच. तो माझा धाकटा भाऊ. अमळनेरला माझी पिठाची आणि मसाल्याची गिरणी आहे. दादर ज्वारी दळायला तो गावाहून आला होता आणि ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरत होता. गिऱ्हाइकांसमोर मी ओरडले, "सकाळी सकाळी ढोसून आलास?"

"अक्का, मी दारू पेस नही. तुले माहीत शे," तो म्हणाला. पण बोलताना त्याची जीभ जड झाली होती, आणि त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

माझं तोंड गिरणीसारखंच आहे, चालू झालं की आत काय पडलंय ते बघत नाही. खरं तर प्रेमराजने आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. त्याला लावून चालणारही नव्हतं. सोळाव्या वर्षी ट्रॅक्टरवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्याला फिट यायची. फेनिटॉइनच्या रोज तीन गोळ्या सुरू झाल्यावर ती थांबली. सात वर्षं झाली होती. लोक लग्नाची वर्षंही मोजत नसतील एवढ्या काळजीने आम्ही ही सात वर्षं मोजायचो. त्या सात वर्षांच्या भरवशावर त्याचं लग्न झालं, रत्ना घरात आली, तो एकटा शेतात जाऊ लागला.

आता हळदीच्या दुधाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी 'हळद-दूध मसाला' काढला. हळद, सुंठ, वेलची आणि काळी मिरी. पाकिटावर छापायला मजकूर लिहिला: साखर, सांधे, कॅन्सर, सगळ्यांवर गुणकारी. तो कागद आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्या सुकदेवला दाखवला. त्याने पेन काढलं आणि तिन्ही शब्द खोडले.

"ज्योत्स्नाताई, एक चमचा हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचं कामाचं द्रव्य, असतं शंभर मिलिग्रॅमच्याही आत," तो म्हणाला. "ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून सायीचं दूध किंवा थोडं तूप बरं. आणि जे थोडं आत जातं, ते आतडं आणि यकृत लगेच बाहेर काढायच्या मागे लागतात. मिरीतलं पिपरीन त्यांचा हात धरतं, म्हणून ते जरा जास्त वेळ रक्तात टिकतं."

"वीसपट म्हणतात ना?"

"वीसपट झालं ते एका छोट्या प्रयोगात. तिथे लोकांना दोन-दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. आणि वीसपट कशाच्या? जवळजवळ काहीच नव्हतं, त्याच्या. थंडीत गरम दूध प्यावं, घशाला बरं वाटतं, झोप लागते. एवढं लिही. रोग बरे होतात असं लिहू नको."

मी हिरमुसले, पण ऐकलं. मग मला एक वाक्य सुचलं आणि मी त्याच्यावर फार खूश झाले: 'मिरीमुळे हळद अंगी लागते.' आपल्याकडे पोराला तूप खाऊ घातलं की विचारतात, अंगी लागतं का? त्यातलंच ते. सुकदेव हसला. म्हणाला, "चालेल. पण खाली एक ओळ टाक. कायमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. मिरी ज्यांचा हात धरते, तेच हात गोळ्याही बाहेर काढतात."

ती ओळ मी टाकली नाही. पाकीट छोटं होतं, त्यावर गाईचं चित्र मोठं आलं होतं, आणि अशी ओळ वाचून कोण विकत घेईल, हेही मनात होतं. हे मी आज सांगते. तेव्हा मी सुकदेवला म्हटलं होतं, जागा उरली नाही.

प्रेमराजला मसाला मीच दिला. त्या वर्षी दिवाळीनंतर तो वाळला होता, आणि वाळलेला भाऊ मला बघवत नाही. त्याच्यासाठी वेगळी बरणी केली. घरचा माणूस, त्याला बाजारचं प्रमाण कशाला? मिरी हात सैल सोडून घातली, दर पेल्याला अर्धा चमचा पडेल इतकी. म्हशीचं दूध, वरून तूप, सकाळ-संध्याकाळ.

दारूच्या भांडणाला आठवडा झाला आणि रत्नाचा फोन आला. "त्यासना पाय लटपटतस, अक्का. बोलनं बी जड व्हयनं." गावात कुजबुज सुरू झाली होती. मी गावी गेले. प्रेमराज खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता, पण त्याचे डोळे एका जागी ठरत नव्हते, बाजूला बघितलं की बारीक थरथरत होते. मला भीती वाटली. भीती वाटली की मी काहीतरी करायला उठते, स्वस्थ बसत नाही.

"दूध घेतोस का नीट?"

"लेस ना. गोयी बी दूधसंगेच लेस," तो लाजत म्हणाला. "हयद अंगे लागस, मंग गोयी बी लागी ना."

गोळीही दुधासोबतच घेतो, याचं मला कौतुक वाटलं. माझं वाक्य त्याला पाठ होतं. अशक्तपणा आहे, असं मी रत्नाला ठणकावून सांगितलं, आणि जाण्यापूर्वी बरणीत आणखी दोन मुठी मिरपूड कालवली.

पाच दिवसांनी तो गोठ्याच्या दारात पडला आणि उलट्या करू लागला. त्याला धुळ्याला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर धरला. गोळीचं रक्तातलं प्रमाण दहा ते वीसमध्ये हवं, ते चौतीस होतं.

"जास्त गोळ्या घेतल्या का यांनी?"

"नाही. तीनच. रत्ना मोजून देते."

"मग नवीन काही सुरू केलंय? दुसरी गोळी, काढा, जडीबुटी, पावडर?" डॉक्टर म्हणाले. "या गोळीचं असं आहे, बाहेर टाकायची शरीराची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते. मध्ये थोडा जरी अडथळा आला, तरी प्रमाण एकदम चढतं."

अडथळा म्हटल्याबरोबर मला सुकदेवचं पेन आठवलं. हात धरते. रत्ना बाहेर कागदपत्रं करत होती, प्रेमराज गुंगीत होता. खोलीत उत्तर देणारी मी एकटीच होते. माझं नाव छापलेली पाकिटं अमळनेरच्या अर्ध्या दुकानांत होती.

"नाही," मी म्हटलं. "नवीन काही नाही."

डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली आणि नंतर तीनच्या दोन केल्या. मनाशी मी ठरवलं, घरी जाऊन गुपचूप मसाला बंद करायचा. कारण गेलं की दुखणं गेलं, सांगायची गरजच काय? मला ती हुशारी वाटली. आपण वाचलो, असं वाटलं.

गावी गेले आणि बरणी उचलून आणली. रत्नाला सांगितलं, हळदीला सोंडे लागलेत, आता नुसतं दूध देत जा. प्रेमराजला बजावलं, "दुधात काही टाकायचं नाही. साधं पांढरं प्यायचं."

पुढचे आठ दिवस फार चांगले गेले. तेच आठवले की आता अंगावर काटा येतो. प्रेमराज सरळ चालू लागला. गावातली माणसं त्याच्याशी पुन्हा नीट बोलू लागली. फोनवर त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. मी देवाला नारळ बोलले होते, तो फोडला.

नवव्या दिवशी सुकदेव मिरच्या घेऊन गिरणीवर आला. प्रेमराज कसा आहे, विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "ठणठणीत. तू म्हणाला होतास तशी मिरीच बाधली होती, पण मी ओळखलं. बंद केली. डॉक्टरला न सांगता निस्तरलं मी."

सुकदेवने मिरच्यांची पिशवी खाली ठेवली.

"डॉक्टरांना मिरी माहीत नव्हती? आणि गोळी कमी केली त्यांनी?"

"तीनच्या दोन."

"म्हणजे दोन गोळ्या पुरतील, हा हिशेब त्यांनी मिरी चालू असताना आलेल्या रक्तावरून केला. आणि तू मिरी काढून घेतलीस." त्याचा आवाज हळू झाला. "आता ते हात मोकळे झालेत, ताई. गोळी आधीसारखी भराभर बाहेर जाणार, आणि आत जाणारी गोळी मात्र आधीपेक्षा कमी. त्याला आधी तीन लागत होत्या."

गिरणी चालूच होती. मी ती बंदही केली नाही. प्रेमराजला फोन लावला, वाजून बंद झाला. रत्नाला लावला, तिनेही उचलला नाही. सुकदेव त्याच्या फोनवरून धुळ्याचा नंबर शोधत होता. मी पुन्हा लावला. या वेळी शेजारच्या बाईने उचलला आणि ती नुसती रडत होती.

रत्ना पाणी भरायला गेली होती. प्रेमराज स्वतः दूध तापवत होता. फिट आली तेव्हा तो चुलीसमोरच बसला होता. पातेलं अंगावर आलं, आणि उजवा हात कोपरापर्यंत निखाऱ्यांत गेला. त्याला शुद्ध नव्हती, म्हणून त्याने हात काढूनही घेतला नाही. रत्ना येईपर्यंत तो तसाच होता.

संध्याकाळी धुळ्याच्या त्याच दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसले होते. हात पांढऱ्या पट्टीत होता. बोटांचं उद्या सांगू, एवढंच ते म्हणाले होते. करपलेल्या दुधाचा वास त्याच्या केसांना अजून येत होता. सात वर्षं संपली होती. तो जागा झाला, मला बघितलं, आणि त्याला वाटलं की मी रागावले आहे.

"अक्का," तो म्हणाला, "तू सांगेल तसंच करं मी. दूधमा काही टाकं नही."

मला वाटलं, हा मला शिव्या देईल तर किती बरं होईल. तेवढ्यात डॉक्टर आत आले. नवा कागद त्यांच्या हातात होता, आणि त्यावरचा आकडा पाचाच्याही खाली गेला होता. त्यांनी रत्नाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागच्या वेळी चौतीस, आता पाचच्या आत. हे असं उगाच होत नाही. मी पुन्हा विचारतो, मध्ये काय बदललं?"

मी पिशवीतून मसाल्याचं पाकीट काढलं. गिरणीतून निघताना ते का उचललं होतं, मला माहीत नाही. रत्ना बघत होती, प्रेमराज बघत होता. गाईचं चित्र वर करून मी ते डॉक्टरांच्या हातात दिलं, आणि ज्या जागी ती ओळ छापायची राहिली होती, तिथे बोट ठेवून पहिल्यापासून सांगायला लागले.