काचेवरचा ठसा

अल्माटीतल्या प्रयोगशाळेत शोल्पाननं लेझर लावला. प्रिझमच्या आतून तिरका आदळलेला प्रकाश सगळाच्या सगळा परतायला हवा होता, पण परतलेल्या उजेडात बोटाचा काळसर ठसा दिसला. काचेपल्याड प्रकाश केसाच्या शंभराव्या भागाइतकाही न जाता विरतो. पण तेवढ्या अंतरात बोटाचं तेल लागलेलं असलं, की त्यातला थोडा तिथेच निसटतो.

"दौरेन! काचेला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं रे?" नवऱ्यावर खेकसत तिनं सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवला.

ठसा गेला. प्रकाश सगळा परतला.

"चुकलो गं बाई," हे शेजारच्या टेबलावरून येणारं ठरलेलं उत्तर मात्र आलं नाही.

कालच तिनं त्याच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण वाढलं होतं.