एका चौकटीला एकच रेघ

पुण्याच्या गिऱ्हाईकानं तपासणीला येण्याआधी एक कागद मागितला होता. कारखान्यात कोण कुणाच्या हाताखाली काम करतं, ते एका पानावर काढून ठेवा. आता हे काय मोठं काम झालं? पण शिरोलीच्या त्या कारखान्यात ते काढता काढता मोनाताईंच्या नाकी नऊ आले.

कारखाना दोन भावांचा. थोरले बसलिंगाप्पा, त्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकटे शिवकुमार, मशीनशॉप त्यांच्याकडं. सकाळी जो मालक आधी भेटेल त्याचा हुकूम, अशी तिथली रीत. मोनाताई तयार माल तपासायच्या. त्यांनी खराब म्हणून बाजूला काढलेला माल धाकटे मालक संध्याकाळी खुशाल गाडीत भरायचे, आणि गिऱ्हाईकाकडून परत आला की शिव्या ताईंना! वर्षानुवर्षं हेच. जीव विटला होता बाईचा.

पहिल्या कागदावर प्रत्येक माणसाच्या चौकटीतून दोन मालकांकडं दोन रेघा निघाल्या आणि पानाचं नुसतं जाळं झालं. दुसऱ्यावर ताईंनी वर एकट्या अण्णांना ठेवलं. खाली उत्पादनाला शिवकुमार आणि शेजारी तपासणीला त्या स्वतः. त्यांची रेघ सरळ अण्णांकडं.

“शिवा खाली? माझ्या शेजारी घे की त्याला. भाऊ हाय,” अण्णा म्हणाले.

“मग रजेचा अर्ज कुणाकडं द्यायचा, अण्णा? चुकलं तर जाब कोण विचारणार? आणि माल बनवणाऱ्याच्याच हाताखाली तपासणारा असला, तर त्यो अडवणार कसा?”

अण्णांनी सुस्कारा टाकून सही केली. शिवकुमारांनी तर न वाचताच केली. “कागदच की त्यो! लावा भिंतीला.”

आठवड्यातच पंपाच्या बॉडीचं भोक मोठं निघालं. भोक मापायचा जो गेज आत जायला नको, तोच सुळकन गेला. ताईंनी माल अडवला, धाकट्यांनी तो गाडीत भरला. ताईंनी ड्रायव्हर गुंडूला थांबवलं आणि प्रकरण अण्णांच्या टेबलावर आलं.

“सोडा की ताई, एवढ्या बारीला,” अण्णा म्हणाले. “मला घरात तोंड बघायचंय त्याचं.”

भांडायचं त्राणच नव्हतं ताईंच्यात. त्यांनी भिंतीवरचा कागद काढून पेनासकट पुढ्यात ठेवला. “मग माझी रेघ तुमच्या हातानं खोडा, आणि धाकट्या मालकांच्या चौकटीला जोडा. पुन्हा शिव्या मला नकोत, एवढंच.”

अण्णांनी पेन उचललं. त्यांचं बोट ताईंच्या रेघेवरून वर सरकत स्वतःच्या चौकटीवर आलं. धाकटे दारात उभे होते, मागं गुंडू.

“ताई, ह्यात माझ्या वर कोण न्हाय व्हय?”

“न्हाय, अण्णा.”

“मग मी कुणाला विचारू?”

अण्णांनी पेन खाली ठेवलं. “गुंडू, गाडी खाली कर.”

शिवकुमार दारातूनच निघून गेले. ताईंनी कागद परत भिंतीला लावला. सुट्टी झाली, मशिनं बंद झाली, तरी अण्णा घरी जायला उठले नाहीत.