नाही म्हटलं की बंद पडणारं अ‍ॅप

उज्ज्वलाने लोकेशन बंद केलं ते काही हौसेनं नाही. ती एका पशुखाद्य कंपनीची विक्री प्रतिनिधी. स्कूटीवर गावोगाव फिरायची, ऑर्डरी घ्यायची, कंपनीच्या अ‍ॅपात टाकायची. मागच्या शनिवारी रिसोडच्या बैठकीत साहेबांनी, म्हणजे दौलतसिंगांनी, कोण कुठं किती वेळ होतं, हे दाखवणारा अ‍ॅपातला नकाशा पडद्यावर लावला आणि दात काढत विचारलं, "बाई, मंगळवारी इंझोरीत एकाच घरी दोन तास? कोन हाय तिथं?" बारा माणसं फिदीफिदी हसली.

अरे, गोमतीबाईचं घर ते! तिच्या ओसरीवर बायका जमतात, चहा होतो, कोणाची गाय आटली, कोणाची व्यायली याची चौकशी होते, मग कुठं पोत्याचा विषय निघतो. घडीभर बसल्याशिवाय त्या गावात कोणी काही घेत नाही. त्या दोन तासांत चाळीस पोती गेली होती, ते नाही दिसलं मेल्याला!

संतापून तिनं सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतली. सोमवारी अ‍ॅप उघडलं, तर क्षणभर पांढरा पडदा आणि फटकन बंद. काढून पुन्हा टाकलं. अ‍ॅपनं लोकेशन मागितलं, तिनं 'नाही' दाबलं, पुन्हा बंद. पाच दिवस ती उन्हात फिरली, ऑर्डरी वहीत लिहिल्या, आणि अ‍ॅपात पाचही दिवस गैरहजर! साहेबांचा निरोप आला, शनिवारी तिचा भाग दुसऱ्याला देणार.

शनिवारी बैठकीला अ‍ॅप बनवणारी निकिताही आली होती. "सोपं आहे ताई, 'हो' दाबा."

"काहून दाबू? फोन मले इचारते, हो का नाही. मंग ते नाहीचं बटन काय शोभेले ठेवलं? तुमी कधी दाबून पाह्यलं?"

निकिता ओशाळली. तिनं पहिल्याच दिवशी 'हो' दाबलं होतं, आणि सगळी तपासणी त्याच फोनवर. तिनं उज्ज्वलाचा फोन लॅपटॉपला जोडला. परवानगी नसतानाही अ‍ॅप फोनकडे लोकेशन मागत होतं. फोन नकार द्यायचा, आणि नकार मिळाला तर काय करायचं हे कोडमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"चूक माझी आहे, ताईंची नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

दुपारच्या जेवणानंतर नवं अ‍ॅप आलं. उज्ज्वलाने मुद्दाम 'नाही' दाबलं. पडद्यावर आलं, 'लोकेशनशिवायही ऑर्डर नोंदवता येईल. गाव स्वतः निवडा. पुढे हवं वाटलं तर सेटिंगमधून सुरू करा.' तिनं वही उघडली आणि पाच दिवसांच्या ऑर्डरी त्या त्या तारखेला टाकल्या. मेडशी, इंझोरी, सगळी गावं आली; गैरहजेरी पुसली गेली. पोत्यांत ती सगळ्यांच्या वर होती. भाग तिचा तिच्याकडेच राहिला.

दौलतसिंगांचं तोंड उतरलं. "पन मंग बाई कुठं हाय, हे मले दिसन कसं?"

"नाही दिसणार, सर," निकिता म्हणाली.

"मले फोन करा ना, साहेब," उज्ज्वला म्हणाली. "गोमतीबाईच्या घरी असन, तर तिच्याच हातात देतो फोन. तिलेच इचारा, कोन हाय तिथं."

बारा माणसं पुन्हा हसली. दौलतसिंग तेवढे नकाशाचा आपला लॅपटॉप बंद करत होते.